चाचा हयात असताना नातवाला काहीच नाही? मुस्लिम वारसाहक्कात कोण कोणाला अडवतं

इम्रान_कोंढवा | रविवार, सकाळी १०.४०
इथे कायद्याचे जाणकार आहेत म्हणून विचारतो. आम्ही सुन्नी, हनफी. माझे अब्बा २०२० मध्ये गेले. आजोबा त्यानंतर तीन वर्षांनी, २०२३ मध्ये गेले. आजी त्याआधीच, २०११ मध्ये गेली होती. आजोबांना दोन मुलगे आणि एक मुलगी. म्हणजे माझे अब्बा, चाचा आणि फुफी. मी अब्बांचा एकुलता एक.
कोंढव्यात आजोबांचा फ्लॅट आहे. आम्ही सगळे तिथेच वाढलो. आता बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला जाते आहे आणि सोसायटीने वारसांची कागदपत्रं मागितली आहेत. चाचांचं म्हणणं, अब्बा आजोबांच्या आधी गेले म्हणून शरियतप्रमाणे मला आणि अम्मीला काहीच मिळत नाही. मौलानांना विचारलं, तेही तेच म्हणाले. चाचांनी अम्मीसाठी एक हक्कसोडपत्रही तयार करून आणलं आहे, "फक्त सहीची फॉर्मॅलिटी" म्हणून.
अब्बा तीन वर्षं आधी गेले, एवढ्यावरून सगळंच जातं का? मन मानत नाही. भांडायचं नाही, पण खरं काय ते कळलं पाहिजे.

देशमुख_सदाशिव | रविवार, सकाळी ११.०५
इम्रान, घाबरू नका. आधी मेलेल्या मुलाची मुलं आणि विधवा हे पहिल्या वर्गाचे वारस असतात. बापाचा वाटा त्यांना मिळतो. माझ्या मेहुण्याच्या केसमध्ये कोर्टाने असाच निकाल दिला. शिवाय घर वडिलोपार्जित असेल तर नातवाचा जन्मतःच हक्क असतो. चाचा काहीही म्हणोत, सही करू नका.

भवानीपेठी | रविवार, सकाळी ११.३०
देशमुखसाहेब, तुम्ही सांगताय तो हिंदू वारसा कायदा आहे. आमच्यात तसं नाही. मुलगा हयात असेल तर नातवाला काही नाही, मग तो त्या मुलाचा असो नाहीतर दुसऱ्या मयत मुलाचा. पन्नास वर्षं मोहल्ल्यात हेच बघतोय. बेटा इम्रान, मौलानांनी बरोबर सांगितलंय. वाईट वाटतं, पण आहे ते असं आहे.

सायरा_वकील | रविवार, दुपारी १.१५
शिवाजीनगर कोर्टात ही प्रकरणं चालवते, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.
देशमुखसाहेबांनी सांगितलेल्या दोन्ही गोष्टी इथे लागू नाहीत. मुस्लिम कायद्यात बापाच्या जागी मुलगा उभा राहत नाही आणि "वडिलोपार्जित" असा मालमत्तेचा वेगळा प्रकारही नाही. माणूस जिवंत आहे तोवर सगळं त्याचं. तो ज्या क्षणी जातो त्या क्षणी जे जिवंत आहेत त्यांच्यातूनच वारस ठरतात.
मग वारसांमध्ये कोण कोणाला अडवतं? सहा जणांना कोणीच पूर्ण अडवू शकत नाही: नवरा, बायको, बाप, आई, मुलगा, मुलगी. त्यांचा वाटा कमी होईल, पण शून्य होणार नाही. बाकी प्रत्येकाला अडवणारा कोणी ना कोणी असतो. नातवाला अडवतो तो मुलगा, कोणताही मुलगा. कारण दोघेही उरलेलं घेणाऱ्यांच्या रांगेत, आणि त्या रांगेत जवळचा असला की लांबच्याला जागा नाही. आजोबांच्या मालमत्तेपुरतं बोलायचं तर तुमचे चाचा चुकत नाहीत. आणि सुनेला सासऱ्याचा वारसा कधीच नसतो, मुलगा हयात असो वा नसो.
पण इम्रान, मला एक सांगा. तुमचा आणि अम्मींचा वाटा खरोखर शून्य असेल तर हक्कसोडपत्र कशासाठी? ज्याचा हक्कच नाही त्याच्याकडून सोडवून काय घ्यायचं? काही वेळा सोसायटी उगाच सगळ्यांच्या सह्या मागते, तसं असू शकेल. पण फ्लॅटचा मूळ करारनामा नक्की कोणाच्या नावावर आहे? आजोबांच्या एकट्याच्या?

इम्रान_कोंढवा | रविवार, दुपारी १.४०
आजोबांच्याच असणार. शेअर सर्टिफिकेट त्यांच्या नावावर होतं, आता नॉमिनी म्हणून चाचांच्या नावावर केलंय. करारनामा मी कधी बघितला नाही.

सायरा_वकील | रविवार, दुपारी १.५०
नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, तो वारसांसाठी सांभाळणारा. तो मुद्दा बाजूला ठेवू. दुय्यम निबंधकांकडून इंडेक्स टू काढा, नोंदणी विभागाच्या वेबसाइटवरही शोधता येतो. तोवर अम्मींना सही करू देऊ नका.

रेश्मा_कॅम्प | रविवार, दुपारी ३.२०
धागा बघून धडकीच भरली. आम्ही दोघी बहिणी, भाऊ नाही. पप्पा, मम्मी दोघं आहेत. पप्पांना एक भाऊ. नातवाला चाचा अडवतो, मग आम्हाला कोणी अडवेल का? सगळं चाचांकडे जाणार का?

फातिमानगर_अब्बास | रविवार, दुपारी ४.०५
बहेन, बिनधास्त राहा. मुलगी असताना भावाला काही मिळत नाही. मुलगी सगळ्यात जवळची, भाऊ लांबचा. आमच्या मामूंना दोन मुलीच होत्या. त्यांच्या भावाला एक पैसाही गेला नाही, आणि कोणी भांडलंही नाही.

भवानीपेठी | रविवार, दुपारी ४.३०
असं कसं? आमच्या गल्लीत तीन मुलींच्या बापाचं घर वाटताना भावाने हिस्सा घेतला. मी स्वतः पंच होतो.

सायरा_वकील | रविवार, सायंकाळी ६.१०
दोघेही खरं सांगताहेत. अब्बासभाई, तुम्ही शिया आहात ना?

फातिमानगर_अब्बास | रविवार, सायंकाळी ६.१५
हो, पण कुराण तर एकच आहे.

सायरा_वकील | रविवार, सायंकाळी ६.५०
कुराण एकच, पण अडवण्याचे नियम वेगळे पडतात आणि कोर्ट मयताच्या पंथाप्रमाणे चालतं. शिया कायद्यात मुलगा असो की मुलगी, अपत्य आलं की भाऊ बाहेर. सुन्नींमध्ये भावाला मुलगा अडवतो, नातू अडवतो, बाप अडवतो. मुलगी अडवत नाही. ती आपला ठरलेला हिस्सा घेते आणि मग जे उरतं ते वडिलांकडच्या सर्वांत जवळच्या पुरुषाकडे जातं.
रेश्मा, तुम्ही सुन्नी असाल तर असं होईल. मालमत्तेचे २४ भाग धरा. मम्मींना आठवा हिस्सा, म्हणजे ३. दोघी बहिणींना मिळून दोन तृतीयांश, म्हणजे १६, एकेकीला ८. उरले ५, ते चाचांचे. पप्पांच्या आधी चाचा गेले आणि त्यांना मुलगा असला, तर ते ५ त्या चुलतभावाकडे जातील. तुमच्या मुलांना मात्र तेव्हाही काही नाही, कारण मुलीची मुलं सुन्नींमध्ये फार मागच्या रांगेत असतात. चुलतभाऊ, त्याचा मुलगा, असा कोणीही पुरुष समोर आला की त्यांची पाळी येत नाही. शियांमध्ये हेच घर असतं तर मम्मींना आठवा आणि बाकी सगळं तुम्हा दोघींना.

रेश्मा_कॅम्प | रविवार, सायंकाळी ७.१५
२४ मधले ५ म्हणजे पाचव्या हिस्स्याहून जास्त. चाचांशी बोलणंही नाही आमचं. पप्पांना आत्ताच काही करता येईल का?

सायरा_वकील | रविवार, सायंकाळी ७.४०
येईल. हयातीत बक्षीस, म्हणजे हिबा. त्याला मृत्युपत्रासारखी एक तृतीयांशाची मर्यादा नाही. पण ताबा खरोखर द्यावा लागतो. पप्पा त्याच घरात राहणार असतील तर तुमच्या नावे मालमत्ता कर, वीजबिल, सोसायटीला पत्र असं काहीतरी डोळ्यांना दिसलं पाहिजे. नुसता कागद करून सगळं पप्पांच्याच हातात राहिलं तर पुढे चाचा तोच मुद्दा काढतात आणि अनेकदा जिंकतात. मृत्युपत्राने मुलीला जास्त द्यायला जाल तर ती आधीच वारस असल्याने बाकी वारसांची संमती लागते, आणि तीही पप्पांच्या पश्चात. चाचा ती देणार नाहीत.
दुसरा रस्ता, काही जोडपी झालेला निकाह स्पेशल मॅरेज अ‍ॅक्ट १९५४ खाली नोंदवून घेतात. मग वारसा १९२५ च्या भारतीय वारसा कायद्याने जातो: विधवेला तृतीयांश, बाकी मुलांना समान. २०२३ मध्ये केरळमधल्या तीन मुलींच्या बापाने हे जाहीरपणे केलं होतं.

भवानीपेठी | रविवार, रात्री ९.००
वकीलबाई, तुमच्या ज्ञानाबद्दल आदर आहे, पण हा दुसरा रस्ता मला पटत नाही. वाटणी अल्लाहने ठरवून दिलीय, त्यातून पळवाट काढायची नाही. भावाला हिस्सा आहे तो अशासाठी की भाऊ मागे राहिलेल्या मुलींना सांभाळेल.

रेश्मा_कॅम्प | रविवार, रात्री ९.१०
चाचा, आदराने सांगते. आमच्या चाचांनी पप्पांच्या बायपासच्या वेळी फोनसुद्धा केला नाही. सांभाळणार कोण आणि कोणाला?

भवानीपेठी | रविवार, रात्री ९.२५
मग त्यांचा गुन्हा आहे बेटी. तोही मोठा गुन्हा. पण हुकूम त्याने बदलत नाही. हिबा करा, तो शंभर टक्के जायज आहे. पप्पांनी मनापासून द्यावं आणि ताबा द्यावा.

पाषाणची_मनीषा | सोमवार, सकाळी ८.५०
मी या विषयात नवीन आहे, पण एक खटकतंय. नातवाला चाचा अडवतो हे कळलं. फुफीही अडवते का? चाचा नसते, फक्त फुफी असती, तर इम्रानला काय मिळालं असतं?

सायरा_वकील | सोमवार, सकाळी ९.४०
मनीषा, बहुतेक लोक नेमके इथेच फसतात. फुफी नातवाला अडवत नाही. चाचा नसते तर एकट्या फुफीला अर्धं आणि उरलेलं अर्धं इम्रानला. दोन फुफी असत्या तर दोघींना मिळून दोन तृतीयांश आणि इम्रानला एक तृतीयांश. म्हणजे चाचा हयात तर शून्य, नाही तर थेट अर्धं. मधलं काही नाही.
इम्रानच्या जागी नात असती तर चित्र पुन्हा बदलतं. एक फुफी असेल तर फुफीला अर्धं, नातीला सहावा हिस्सा. दोन फुफी असतील तर मुलींचा दोन तृतीयांशाचा कोटा त्यांच्यातच संपतो आणि नात बाहेर. पण तिच्याबरोबर सख्खा किंवा चुलत असा एखादा नातू असेल तर तो तिला पुन्हा आत ओढतो आणि उरलेल्या तृतीयांशात दोघं दोनास एक वाटून घेतात.

चिंचवडचा_मास्तर | सोमवार, सकाळी १०.१५
तीस वर्षं अपूर्णांक शिकवले, विद्यार्थी विचारायचे याचा आयुष्यात उपयोग काय. आता हा धागाच दाखवणार.

शेख_हडपसर | सोमवार, दुपारी १२.३०
माझाही एक प्रश्न. माझा धाकटा भाऊ गेल्या वर्षी अपघातात गेला. लग्न झालं नव्हतं. अम्मी, अब्बा आणि आम्ही दोन भाऊ. विम्याचे आणि नुकसानभरपाईचे पैसे आलेत. आम्ही भाऊ काही मागत नाही. एकाने सांगितलं आईला तिसरा हिस्सा, दुसऱ्याने सांगितलं सहावा. कोणाचं खरं?

देशमुख_सदाशिव | सोमवार, दुपारी १२.५०
बाप असताना भावांना काही नाही, एवढं आता मला या धाग्यावरून कळलं. मग भाऊ हिशेबातच नाहीत. मूलबाळ नाही, भाऊ नाहीत असं धरलं तर आईला तिसरा हिस्सा यायला हवा.

सायरा_वकील | सोमवार, दुपारी २.००
तर्क सरळ आहे देशमुखसाहेब, पण हनफी कायदा इथे वेगळा चालतो. बाप असल्याने भाऊ बाहेर, हे बरोबर. पण दोन किंवा जास्त भावंडं हयात असली की ती स्वतः बाहेर असूनही आईचा हिस्सा तिसऱ्यावरून सहाव्यावर आणतात. म्हणजे शेखभाई, अम्मींना सहावा आणि बाकी पाच षष्ठांश अब्बांना. तुम्ही दोघं काही न घेताही अम्मींचा वाटा अर्धा होतो. एकच भाऊ असता तर अम्मींना तिसरा हिस्सा मिळाला असता. भाऊच पाहिजेत असंही नाही, दोन बहिणी किंवा एक भाऊ, एक बहीण असली तरी हाच परिणाम.
एक लक्षात घ्या. हा वारशाचा हिशेब आहे. अपघाताच्या भरपाईत ट्रिब्युनलने आईवडिलांच्या नावे ठरावीक रक्कम वेगवेगळी दिली असेल तर ती ज्याची त्याची. ती या हिशेबात आणू नका.

शेख_हडपसर | सोमवार, दुपारी २.२०
अम्मी अब्बा एकाच घरात आहेत, त्यांना फरक पडत नाही. पण मनात होतं ते निघालं. शुक्रिया.

भवानीपेठी | सोमवार, दुपारी ३.००
मूळ धाग्यावर येतो. इम्रान बेटा, आजोबा हयात असताना त्यांनी वसीयत केली असती तर हा प्रश्न आला नसता. माझे वालिद असंच करून गेले. माझा मोठा भाऊ त्यांच्या आधी गेला होता, मागे दोन लहान मुलं. वालिदसाहेबांनी आम्हा सगळ्यांना बसवून सांगितलं, माझ्या एक तृतीयांशात या दोन पोरांचा हक्क. लिहून दोन साक्षीदारांच्या सह्या घेतल्या. आम्ही वारस म्हणून नाराज होऊन चालणार नव्हतं, कारण तृतीयांशापर्यंत त्यांना आमची परवानगी लागत नव्हती.

सायरा_वकील | सोमवार, दुपारी ३.३०
अगदी बरोबर. नातू अडवला गेलेला असतो, वारस नसतो, म्हणूनच त्याला तृतीयांशापर्यंत वसीयत कोणाच्याही संमतीशिवाय चालते. मुलाला तशी चालत नाही. इजिप्तने १९४६ मध्ये कायदाच केला की आजोबांनी केली नसली तरी अशा नातवंडांसाठी तृतीयांशाच्या मर्यादेत वसीयत केली असं धरायचं. पाकिस्तानात १९६१ च्या वटहुकुमाने नातवंडांना सरळ बापाचा वाटा दिला, बांगलादेशात तोच चालू आहे. पाकिस्तानच्या फेडरल शरियत कोर्टाने २००० मध्ये ते कलम इस्लामविरोधी ठरवलं, त्यावर अपील झालं. भारतात यातलं काहीच नाही. आपल्याकडे १९३७ च्या शरियत कायद्याने जुना हनफी नियमच लागू होतो.
एक बारकावा मात्र आहे. वारस कोण हे वसीयत लिहिण्याच्या दिवशी नाही, मृत्यूच्या दिवशी बघतात. नातवाला वसीयत केली आणि आजोबांच्या आधी चाचाही गेला, तर नातू स्वतः वारस होतो. मग त्याच वसीयतीला बाकी वारसांची संमती लागते.

मुळशीचा_पठाण | सोमवार, सायंकाळी ५.१०
शेतीचं काय? आमची मुळशीत चार एकर आहे. तलाठी म्हणतो शेतीला शरियत लागू नाही.

सायरा_वकील | सोमवार, सायंकाळी ६.००
१९३७ च्या कायद्याच्या कलम २ मध्ये शेतजमीन वगळलेली आहे हे खरं. तमिळनाडू, केरळने नंतर दुरुस्ती करून ती आत घेतली. आपल्याकडे फेरफाराला मी सहसा मुस्लिम कायद्याप्रमाणेच वारस लागलेले बघते, पण कोर्टात यावर वाद घालता येतो आणि घातला जातो. कागद बघितल्याशिवाय यावर होय-नाही सांगणार नाही.

इम्रान_कोंढवा | बुधवार, रात्री १०.२०
इंडेक्स टू मिळाला. करारनामा १९९८ चा. खरेदीदार म्हणून आजोबा आणि आजी, दोघांची नावं. दोघांच्या सह्या. कोणाचा किती हिस्सा ते लिहिलेलं नाही. शेअर सर्टिफिकेटवर फक्त आजोबांचं नाव होतं म्हणून मला वाटलं होतं घर त्यांचं एकट्याचं. आजी गेली २०११ मध्ये, तेव्हा अब्बा होते. याचा काही फरक पडतो का?

सायरा_वकील | बुधवार, रात्री ११.३०
पडतो. हिस्सा लिहिलेला नसेल तर सुरुवात निम्मं निम्मं धरून होते. आजीचे आईवडील त्यांच्या आधीच गेले असतील असं धरते, नसतील तर सांगा.
घराचे ४८० भाग करू, म्हणजे शेवटपर्यंत पूर्णांक राहतात. २४० आजोबांचे, २४० आजीचे. आजी २०११ मध्ये गेली. तेव्हा आजोबा, तुमचे अब्बा, चाचा आणि फुफी सगळे हयात. मूल आहे म्हणून नवऱ्याला चौथा हिस्सा, म्हणजे ६०. उरलेले १८० मुलामुलींत दोनास एक: अब्बांना ७२, चाचांना ७२, फुफीला ३६. त्या दिवशी आजोबांचे झाले ३००. हे वाटप कोणी कागदावर केलं नाही म्हणून अब्बांचे ७२ कुठे जात नाहीत. ते त्याच क्षणी त्यांचे झाले.
मग २०२०. अब्बा गेले तेव्हा त्यांच्या ७२ भागांचे वारस अम्मी, तुम्ही आणि आजोबा. मुलगा हयात म्हणून चाचा आणि फुफी इथे पूर्ण बाहेर, म्हणजे आता अडवणारे तुम्ही आहात. शिवाय बाप म्हणून आजोबाही भावंडांना अडवतातच. पण तुम्ही आजोबांना अडवू शकत नाही, बाप त्या सहा जणांत आहे. अम्मींना आठवा, ९ भाग. आजोबांना सहावा, १२ भाग. उरलेले ५१ तुमचे.
आणि २०२३. आजोबांकडे तेव्हा ३१२. इथे मौलाना आणि चाचा बरोबर आहेत: चाचा हयात, म्हणून तुम्ही शून्य. चाचांना २०८, फुफीला १०४.
आता बेरीज करा. चाचा २८०, फुफी १४०, तुम्ही ५१, अम्मी ९. तुमचे आणि अम्मींचे मिळून ६०, म्हणजे ४८० चा बरोबर आठवा हिस्सा. जुन्या भाषेत रुपयात दोन आणे.

चिंचवडचा_मास्तर | गुरुवार, सकाळी ७.३०
तपासलं. २८० + १४० + ५१ + ९ = ४८०. बरोबर.

देशमुख_सदाशिव | गुरुवार, सकाळी ८.१५
म्हणजे एकाच घरात नातू एका मृत्यूला अडवला जातो आणि दुसऱ्या मृत्यूला अडवणारा होतो. मग घरातल्या सगळ्या मृत्यूंचा मिळून एकच हिशेब का करत नाहीत? सोसायटीचा सेक्रेटरी तसाच करणार.

सायरा_वकील | गुरुवार, सकाळी ९.००
लोक तसा करतात आणि तिथेच घोळ होतो. शेवटच्या मृत्यूच्या दिवशी उभं राहून मागे बघितलं की आजोबा, चाचा, फुफी एवढेच दिसतात: चाचांना दोन तृतीयांश, फुफीला एक. अब्बा पुसलेच जातात. मोबाइलवरच्या वारसा कॅल्क्युलेटरमध्येही हेच होतं, तो एकच मृत्यू विचारतो. मृत्यूंचा क्रम लावायचा, प्रत्येक मृत्यूला नवा हिशेब, आणि त्या दिवशी जिवंत असलेल्यांमध्येच. आधीच्या हिशेबात मिळालेला भाग पुढच्या हिशेबात त्या माणसाची मालमत्ता म्हणून घ्यायचा.

इम्रान_कोंढवा | गुरुवार, सकाळी ११.४५
अम्मीला दाखवलं. ती बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली मला भांडण नको. चाचांशी काल फोनवर बोललो. ते म्हणतात, आजीचं नाव फक्त कर्जासाठी घातलं होतं, पैसे सगळे आजोबांचे, आजी कधी कमावत नव्हती. त्यामुळे घर आजोबांचंच. आवाज चढला नाही, पण त्यांचं म्हणणं ठाम आहे.

सायरा_वकील | गुरुवार, दुपारी १.००
खरा वाद इथे होईल, आणि याचा निकाल इथे बसून लावता येणार नाही. नवऱ्याने स्वतःच्या ज्ञात उत्पन्नातून बायकोच्या नावावर घेतलेलं घर बेनामी कायद्याच्या कचाट्यात येत नाही, पण त्यावरून ते तिचंच झालं असंही आपोआप ठरत नाही. पैसे कोणी दिले, कशासाठी नाव घातलं, कर्जाच्या कागदावर आजी सहकर्जदार होती का, तिचे दागिने मोडले होते का, आजोबांनी कुठे लिहून ठेवलंय का, हे सगळं बघावं लागेल. शिवाय पैसे आजोबांचेच असले तरी निम्मं घर त्यांनी तिला हिबा केलं, असंही तुमच्या बाजूने म्हणता येईल. नोंदलेल्या करारात खरेदीदार म्हणून नाव आहे, तेव्हा ते नावापुरतं होतं हे सिद्ध करायचा भार चाचांवर.
आणखी एक. अम्मींची मेहर अब्बांनी दिली होती का? राहिली असेल तर ती अब्बांवरचं कर्ज आहे. त्यांच्या ७२ भागांतून आधी ते जाईल आणि मग उरलेल्याचे वाटे पडतील.

भवानीपेठी | गुरुवार, दुपारी २.३०
इम्रान बेटा, चाचांशी मी बोलू का? तुझी हरकत नसेल तर. फुफीलाही बसवा, तिचे १४० आहेत, त्याबद्दल कोणी बोलतच नाहीये. आमच्या मोहल्ल्यात बहिणीकडून "माफ केलं" म्हणून सही घेतात आणि शरियतचं नाव घेतात. चाचांना शरियत पाहिजे असेल तर पूर्ण पाहिजे, फुफीचाही हिस्सा त्यात आला.

रेश्मा_कॅम्प | गुरुवार, दुपारी ३.१०
हे बोललात ते फार बरं झालं.

इम्रान_कोंढवा | शुक्रवार, दुपारी ३.४५
भवानीपेठी चाचा, फोन नंबर मेसेज केलाय. नमाजनंतर फुफीशी बोललो. ती म्हणते तिच्याकडूनही ईदच्या वेळी कोऱ्या कागदावर सही घेतली होती, कशावर ते तिला माहीत नाही. मेहर राहिलेली आहे, अम्मीने सांगितलं, निकाहनाम्यावर रक्कम आहे. कर्जाची फाइल बँकेत मागितली आहे, १९९८ ची आहे म्हणून वेळ लागेल म्हणाले.

सायरा_वकील | शुक्रवार, सायंकाळी ५.२०
फुफींना सांगा, ती सही कशासाठी घेतली ते लेखी विचारा आणि आजच सोसायटीला एक अर्ज द्या: तिघांचे हक्क तपासले जात आहेत, तोवर आमची कोणतीही संमती धरू नये. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. डेव्हलपरशी करार झाला नसेल तर त्यालाही एक प्रत. आणि निकाहनामा लॅमिनेट करू नका, मूळ प्रत तशीच ठेवा.

पाषाणची_मनीषा | शुक्रवार, सायंकाळी ६.००
लॅमिनेट का नको?

सायरा_वकील | शुक्रवार, सायंकाळी ६.१०
शाई, शिक्का, कागद तपासायची वेळ आली तर प्लास्टिकखालून तपासता येत नाही.